निकष दोन आणि आठ मुलींच्या वह्या

शिळफाटा म्हटलं की मुंबईकडच्या लोकांना मुंब्र्याजवळचा आठवतो. आमचा शिळफाटा खोपोलीतला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून पालीकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो, तो. सकाळी इथे उभं राहिलं की कॉलेजची मुलं ओळखता येतात. काही कर्जतकडून गाडीने येऊन पुढे रिक्षा पकडतात, काही पालीकडच्या एसटीतून उतरतात, काही डोंगराखालच्या वाड्यांवरून पायी येतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या हातून दहावी झालेल्या मुली पुढे याच गर्दीत दिसतात. दोन वर्षांनी त्यातल्या किती दिसतात, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी बी.एड.च्या वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. ती आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात शिकवते. कोणत्या, ते इथे महत्त्वाचं नाही. "अगं, आमचं नॅक आहे. निकष दोन माझ्याकडे आलाय. मराठी कागदांचं इंग्रजी करून द्यायला कुणीतरी हवं. तू ये ना सुट्टीत." मी गेले. वाटलं होतं भाषांतर करायचं आहे. तिथे जाऊन कळलं की एका कॉलेजने स्वतःबद्दल खरं कसं बोलावं, हा धडा गिरवायचा आहे.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नॅक ही महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था. १९९४ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय बंगळुरूला. कॉलेजला आधी स्वतःचा स्वयं-अध्ययन अहवाल लिहावा लागतो. २०१७ पासूनच्या पद्धतीत त्याचे सात निकष आणि एकूण १००० गुण होते. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी त्यातले ३५० गुण एकट्या निकष दोनला होते: अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन. म्हणजे कोण शिकायला आलं, कोणी शिकवलं, कसं शिकवलं आणि शेवटी काय हाती लागलं.

निकषात दोन प्रकारचे मुद्दे असत. काही आकड्यांचे. तिथे ठरलेल्या नमुन्यात पाच वर्षांचा तक्ता भरायचा आणि प्रत्येक आकड्यामागे कागद जोडायचा. काही वर्णनाचे. तिथे जास्तीत जास्त पाचशे शब्दांत आपण काय करतो ते लिहायचं आणि त्याचे पुरावे संकेतस्थळावर ठेवून दुवा द्यायचा. आकडे आधी डीव्हीव्ही नावाच्या पडताळणीतून जात. तिथले तपासणारे कॉलेजला दिसत नसत, फक्त त्यांचे प्रश्न येत. वर्णन तपासायला नंतर समिती प्रत्यक्ष येत असे. साधारण सत्तर टक्के वजन आकड्यांचं, तीस टक्के वर्णनाचं. जो कागद मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर प्राचार्यांच्या सहीने जोडावं लागे. माझी नेमणूक त्यासाठी होती.

पहिला कागद हाती आला तो २.१.२ चा. राखीव जागांपैकी किती भरल्या, हा मुद्दा. मैत्रिणीने कच्चा मजकूर लिहून ठेवला होता. त्यात अभिमानाने म्हटलं होतं की आमच्याकडे राखीव जागांच्या ११९ टक्के प्रवेश होतात. मी गणिताची शिक्षिका नाही, पण शंभरपैकी एकशे एकोणीस हे मला खटकलं.

पहिल्या वर्षाचा तक्ता असा होता. कॉलेज ओळखू येऊ नये म्हणून आकडे बदलले आहेत, प्रमाण तेच ठेवलं आहे. जागा १२०. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, इतर मागास १९, विमुक्त आणि भटक्या मिळून ११, विशेष मागास २. समजायला सोपं जावं म्हणून आर्थिक दुर्बल आणि मराठा आरक्षण इथे बाजूला ठेवते.

| प्रवर्ग | राखीव जागा | आलेली मुलं | मोजली जाणारी |
|---|---|---|---|
| अनुसूचित जाती | १६ | ९ | ९ |
| अनुसूचित जमाती | ८ | २१ | ८ |
| इतर मागास | २३ | ४० | २३ |
| विमुक्त, भटक्या | १३ | ४ | ४ |
| विशेष मागास | २ | ० | ० |
| एकूण | ६२ | ७४ | ४४ |

मैत्रिणीने ७४ ला ६२ ने भागलं होतं. नियम तसा नाही. राखीव जागेवर भरलेला प्रवेशच मोजायचा. आदिवासी मुलांसाठी आठ जागा असतील आणि एकवीस मुलं आली, तरी या तक्त्यात आठच. उरलेली तेरा खुल्या जागांवर आली असं धरतात. एका प्रवर्गातली जास्तीची मुलं दुसऱ्या प्रवर्गातली रिकामी जागा भरून काढू शकत नाहीत. म्हणून खरा आकडा ४४ भागिले ६२, म्हणजे ७१ टक्के.

११९ तसाच पाठवला असता तर डीव्हीव्हीने प्रवेशाची मंजूर यादी आणि आरक्षणाचा शासन निर्णय मागवून तो ७१ वर आणला असता. मग पाचशे शब्दांच्या वर्णनातला अभिमान आणि तक्ता यांचा मेळ बसला नसता. समितीने ते आधी वाचूनच पाऊल ठेवलं असतं. असं वर्णन एकदा पकडलं गेलं की पुढच्या प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघितलं जातं.

पण मला गुणांपेक्षा दुसरी गोष्ट सांगायची आहे. ११९ खोटा होता, आणि ७१ हा आकडाही काहीच सांगत नव्हता. वरचा तक्ता पुन्हा बघा. आदिवासी मुलं राखीव जागांच्या अडीचपटीहून जास्त आली. कर्जत-खालापूर हा ठाकर आणि कातकरी वाड्यांचा भाग, त्यामुळे ही संख्या स्वाभाविक आहे. कॉलेजने खरोखर केलेलं हे काम तक्त्याने कापून टाकलं. आणि भटक्या-विमुक्तांच्या तेरापैकी नऊ जागा रिकाम्या राहिल्या. एकूण बेरजेच्या आड त्या जागा कुणाला दिसल्या नव्हत्या. ११९ लिहिणाऱ्याला त्या दिसणंच शक्य नव्हतं.

मग आम्ही प्रवेश यादी काढली. त्यात जातीचा रकाना असतो. एकवीस आदिवासी मुलांपैकी कातकरी दोनच निघाली, बाकी जवळजवळ सगळी ठाकर. कातकरी हा शासनाने विशेष असुरक्षित आदिम समूह म्हणून नोंदलेला समाज. वाड्या तर शेजारी शेजारीच आहेत. नॅकच्या नमुन्यात दोघांचा रकाना एकच. तो भरणाऱ्याला फरक कळायचं कारण नाही, पण यादी समोर असणाऱ्या कॉलेजला कळायला हवा. भाषांतर करताना मला आणखी एक गोष्ट बोचली. विमुक्त जाती, भटक्या जमातींचे तीन गट आणि विशेष मागास, हे सगळं नॅकच्या तक्त्यात एकाच घरात जातं: 'इतर'. ज्यांना आधीच कुणी मोजलं नाही, त्यांचं भाषांतर मी 'इतर' असं करत होते.

आता आपल्या समाजाचं. वाचक विचारतील, या तक्त्यात मुसलमान मुलं कुठे आहेत? उत्तर असं की ती प्रमाणपत्राप्रमाणे विखुरलेली असतात. महाराष्ट्रात अनेक मुस्लिम जमाती इतर मागास यादीत आहेत. पण ज्या घरात जातीचा दाखला काढलेला नाही, किंवा नॉन-क्रिमिलेअर वेळेत मिळालं नाही, त्या घरची मुलगी थेट खुल्या रकान्यात जाते. एकाच गल्लीतल्या, एकाच बिरादरीतल्या दोन मैत्रिणी तक्त्यात वेगवेगळ्या रकान्यांत बसतात. कारण एकीच्या अब्बांनी तहसील कार्यालयाच्या चकरा मारल्या आणि दुसरीचे अब्बा रोजंदारी बुडवू शकले नाहीत. त्यामुळे २.१.२ वरून आपल्या मुलांबद्दल कोणताही निष्कर्ष काढणं चूक ठरेल.

तरीही कॉलेजकडे हा आकडा असतो. दरवर्षी केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाची, म्हणजे आयशेची, माहिती भरावी लागते. त्यात मुस्लिम अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचा वेगळा रकाना आहे, मुली वेगळ्या. नॅकला अर्ज करताना आयशेचा क्रमांक द्यावाच लागतो. म्हणजे एका टेबलावर हा आकडा दरवर्षी भरला जातो, आणि शेजारच्या टेबलावर स्वयं-अध्ययन लिहिणाऱ्याला तो कधी लागत नाही. आम्ही तो मागितला तेव्हा कार्यालयातले काका म्हणाले, "मॅडम, हा आजवर कुणी विचारला नव्हता."

पाच वर्षांचे ते आकडे एकाखाली एक लिहिले. पहिल्या वर्षाला मुस्लिम मुली मुलांपेक्षा जास्त. तिसऱ्या वर्षाला त्या निम्म्याहून कमी. आणि इथून आम्ही निकष दोनच्या दुसऱ्या आकड्याकडे आलो, निकालाकडे.

निकालाच्या मुद्द्यात शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, एवढंच विचारतात. समजा पहिल्या वर्षाला १२० मुलं आली, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला ७८ बसली आणि ७० पास झाली. निकाल ९० टक्के. प्रवेशद्वारावर फलक लागतो, पेढे वाटले जातात. पण आलेल्या १२० पैकी पदवी हातात पडली ७० जणांच्या, म्हणजे ५८ टक्के. मधली ४२ मुलं ना पास झाली ना नापास, ती भाजणाऱ्या संख्येतूनच निघून गेली. कॉलेजने इथे काही खोटं केलेलं नसतं. प्रश्नच तसा विचारलेला आहे. उलट एक विचित्र गोष्ट होते. कच्ची मुलं जितकी लवकर गळतील तितका हा आकडा सुधारतो.

माझं मत इथे स्पष्ट सांगते. तक्ता नॅकने ठरवलेला आहे, तो बदलणं कॉलेजच्या हातात नाही. पण पाचशे शब्दांचं वर्णन कॉलेजचं स्वतःचं आहे. तक्ता जे लपवतो ते सांगण्याची ती एकमेव जागा आहे. बहुतेक ठिकाणी ती जागा 'महाविद्यालय विद्यार्थीकेंद्री पद्धतींचा अवलंब करते' अशा वाक्यांनी भरली जाते. ती वाक्यं कुठल्याही कॉलेजला चालतात, म्हणून कुठल्याच कॉलेजची नसतात.

दुसऱ्या दिवशी जे घडलं त्याने मी हादरले. एका वर्णनाच्या मुद्द्यात, अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी कॉलेज काय करतं, ते लिहायचं होतं. माझ्या मैत्रिणीला माहीत होतं की एका वर्षी मी शनिवारी दुपारी तिथे जाऊन उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींना मराठीत उत्तरं लिहायला शिकवत असे. पैसे नव्हते, आदेश नव्हता. मुली आठ, शनिवार अकरा. तिथल्या एका वरिष्ठांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "उत्तम. याचंच पाच वर्षांचं रजिस्टर करा. दरवर्षी चाळीस मुलं दाखवा. मॅडम, तुम्ही सह्या करून द्या."

मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. त्यांच्यावरही दबाव होता. अनुदान, नवे अभ्यासक्रम, संस्थेची पत, सगळं श्रेणीवर टांगलेलं. पण मी सही केली नाही. धर्मभीरूपणा सोडा, त्यामागे अगदी व्यवहारी कारणंही होती, आणि ती मी तिथेच बोलले.

पाच वर्षांचं रजिस्टर एका बैठकीत लिहिलं की ते ओरडून सांगतं. एकच पेन, एकच अक्षर, पानांच्या कडा कोऱ्या. तारखा दिनदर्शिकेशी ताडल्या की एखादा वर्ग ईदच्या दिवशी भरलेला निघतो, एखादा परीक्षेच्या काळात. ज्या मुलीने जूनमध्ये दाखला नेला ती ऑगस्टमध्ये हजर असते. जुन्या तारखेच्या पत्रावर नंतर बदललेलं बोधचिन्ह असतं, किंवा तेव्हा रुजूही न झालेल्या प्राचार्यांची सही. फोटोवर स्थळ आणि वेळ छापून आणली तर पाच वर्षांच्या सगळ्या कार्यक्रमांत भिंतीवरचा रंग तोच आणि पंखाही तोच. आणि सर्वांत साधी गोष्ट, समिती मुलांना भेटते. चाळीस नावांतली एक मुलगी समोर बसवून विचारलं, "शनिवारच्या वर्गात काय शिकलात?", तर ती काय सांगेल?

त्यांनी विचारलं, मग खरं दाखवायचं तर तुमच्याकडे पुरावा काय? प्रश्न रास्त होता. खऱ्या कामाला कागद नव्हता, आणि तयार करायच्या कागदामागे काम नव्हतं.

त्या रात्री मी त्या आठपैकी ज्या मुलींचे नंबर होते त्यांना फोन केले. एक लग्न होऊन पनवेलला गेली होती, एक दुकानात हिशेब बघत होती. "मिस, वही आहे ना माझी, अम्मीने ठेवलीय," एक म्हणाली. पाच वह्या मिळाल्या. आत माझं लाल पेन, प्रत्येक पानावर तारीख. पहिल्या पानावर 'मी काल बाजारात गेली होता' आणि शेवटच्या पानांवर पूर्ण परिच्छेद, चुका असलेला पण अर्थ पोचवणारा. फोनमध्ये आमच्या गटाचे संदेशही होते, 'आज येणार का' असे, तारखांसह. अकरा शनिवारांपैकी नऊ तारखा पक्क्या झाल्या. दोन ठरवता आल्या नाहीत, त्या आम्ही लिहिल्या नाहीत.

मग मैत्रिणीने वर्णनाचा तो परिच्छेद नव्याने लिहिला. त्याचा आशय असा होता: उर्दू माध्यमातून येणाऱ्या मुलींना मराठी लेखनात अडचण येते, हे पहिल्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून दिसलं. एका वर्षी आठ मुलींसाठी शनिवारी वर्ग घेतला, नऊ तारखांची नोंद आहे. आठपैकी सहा त्या विषयात उत्तीर्ण झाल्या, दोघींनी कॉलेज सोडलं. पुढच्या वर्षी वर्ग झाला नाही, कारण वेळापत्रकात तास नव्हता आणि शिकवणारी व्यक्ती बाहेरची होती. यंदापासून तो तास वेळापत्रकात घेतला आहे. सोबत पाच वह्यांची निवडक पानं, नावं झाकून, इंग्रजी सारांशासह. अंतर्गत गुणांचा आधीचा आणि नंतरचा तक्ता. नव्या वेळापत्रकाची प्रत.

वरिष्ठांना 'वर्ग झाला नाही' हे वाक्य नको होतं. त्यावर बराच वाद झाला. शेवटी ते राहिलं, कारण ते काढलं की पुढच्या वेळापत्रकाला अर्थच उरत नव्हता. काय कमी पडलं हे सांगितल्याशिवाय काय बदललं हे सांगता येत नाही.

समिती आली तेव्हा मी तिथे नव्हते. मैत्रिणीने नंतर सांगितलं की एका सदस्याने वहीची पानं उलटून पाहिली आणि विचारलं, त्या दोघींनी कॉलेज का सोडलं? तिला उत्तर माहीत होतं. एकीला एसटीचा पास परवडला नाही, दुसरीची आई आजारी. कॉलेजला श्रेणी कोणती मिळाली ते लिहीत नाही, कारण या दोन पानांमुळे ती मिळाली किंवा हुकली असं म्हणणं खोटं ठरेल. ३५० गुणांत हा मुद्दा लहानसा होता.

कुणी म्हणेल, ताई, हे भाबडं आहे. शेजारचं कॉलेज चाळीसचं रजिस्टर करून वरची श्रेणी घेतं, खरं बोलणारं मागे राहतं. हा आक्षेप मी हलका समजत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या सदस्यांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली, हे सगळ्यांनी वाचलं. त्याआधी मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष भूषण पटवर्धन गैरप्रकारांबद्दल बोलून पदावरून बाजूला झाले. श्रेणी म्हणजे सत्य, असं मीही मानत नाही. कधीकधी खोट्या रजिस्टरला गुण मिळतात, हे खरंच आहे.

पण मग स्वयं-अध्ययन कुणासाठी लिहायचं, हा प्रश्न उरतो. ते नॅकला पाठवतात, तसं कॉलेजच्या संकेतस्थळावरही ठेवावं लागतं. म्हणजे ते तुमच्या-माझ्यासाठीही आहे. ज्या कॉलेजने चाळीसचं रजिस्टर केलं त्याला पुढच्या वर्षी तो वर्ग सुरू करायची गरजच वाटणार नाही, कारण कागदावर तो चालूच आहे. खोट्या पुराव्याने सर्वांत आधी फसते ती संस्थाच, आणि तिच्याबरोबर ती नववी मुलगी, जी पुढच्या जूनमध्ये उर्दू शाळेतून येणार आहे. उर्दूत यासाठी एक शब्द आहे, मुहासबा. स्वतःचा हिशेब स्वतः घेणं.

म्हणून वाचकांना एक काम सांगते. घरातलं मूल ज्या कॉलेजात जातं किंवा जाणार आहे, त्याच्या संकेतस्थळावर हा अहवाल शोधा आणि निकष दोन उघडा. २.१.२ मध्ये भरलेल्या जागांचा आकडा शंभराच्या वर दिसला तर तो कसा काढला ते विचारा. निकालाचा आकडा बघून विचारा की तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती मुलं होती. पालकसभेत विचारा की आयशेत भरलेल्या मुस्लिम मुलींच्या संख्येचं पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत काय होतं. आणि तुम्ही स्वतः शिकवत असाल तर प्रत्येक वहीच्या पानावर तारीख घाला. जातीचा दाखला काढायचा राहिला असेल तर तोही याच सुट्टीत काढा.

त्या पाच वह्या मी परत केल्या. एक मुलगी शिळफाट्यावर भेटली, वही घेतली आणि म्हणाली, "मिस, यात अजून सात पानं कोरी आहेत." शनिवारचा तास आता वेळापत्रकात आहे. तिला यायचं असेल तर दार उघडं आहे, पण ती आता विद्यार्थिनी म्हणून कुठल्याच तक्त्यात नाही. ती त्या दोघींपैकी एक होती.